हल्क जिंकेल की सुपरमॅन? वाद घालण्याआधी ठरवायच्या गोष्टी

गेल्या दिवाळीत माझा भाचा आणि त्याचा मित्र हल्क आणि सुपरमॅनवरून दीड तास भांडले. दोघांनाही कॉमिक्स तोंडपाठ, दोघांकडेही पुरावे, आणि तरी शेवटी एकही जण जागचा हलला नव्हता. मी भाच्याला विचारलं, "तुझा सुपरमॅन कुठल्या सालचा?" तो २०१२ च्या अंकातला निघाला, पृथ्वीइतकं वजन पेलणारा. मित्राच्या डोक्यातला सुपरमॅन चित्रपटातला होता. दीड तास दोघं एकच नाव घेऊन दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत होते.

पॉवर स्केलिंग, म्हणजे कोणाची ताकद किती आणि कोण कोणाला हरवेल याची मोजदाद, नव्याने करू लागलेल्यांसाठी हा लेख आहे. सगळा लेख मी याच एका जोडीवर लिहितो आहे, कारण मोजदाद कुठे चुकते ते या जोडीत फार स्पष्ट दिसतं.

पहिली पायरी: कुठला सुपरमॅन, कुठला हल्क?

१९३८ साली ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी आणलेला सुपरमॅन उडत नव्हता. तो उडी मारायचा, एका उडीत सुमारे दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडायचा, एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात धावायचा, आणि फुटता तोफगोळा सोडून त्याची कातडी कशानेच भेदत नाही असं त्या अंकात लिहिलं होतं. याचा दुसरा अर्थ असा की तोफगोळ्याने ती भेदली जाऊ शकत होती. पुढच्या तीस वर्षांत त्याची ताकद इतकी वाढवली गेली की तो ग्रह ढकलू लागला. मग १९८५-८६ मध्ये डीसीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेतून आपलं सगळं विश्व नव्याने मांडलं, आणि १९८६ साली जॉन बर्न यांनी 'द मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅनची ताकद मुद्दाम खाली आणली. पुढे ती पुन्हा वर गेली.

हल्कचंही तसंच. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परत आलेला राखाडी हल्क चतुर होता, पण हिरव्यापेक्षा कमी ताकदीचा. काही काळ हल्कच्या शरीरात ब्रूस बॅनरचं मन जागं होतं. त्या काळात तो विचार करून लढतो, आणि बेभान संतापणं त्याला तितकं सोपं जात नाही.

म्हणून वाद सुरू करताना आधी काळ लिहून घ्यायचा. नुसतं "कॉमिक्समधला" म्हणणं पुरत नाही. वर्षं हवीत आणि शक्यतो लेखकाचं नावही हवं. सगळ्या काळांतले सगळे पराक्रम एकत्र करून एकच पात्र बनवण्याला चाहते 'कॉम्पोझिट' म्हणतात. असं पात्र कुठल्याच कथेत नसतं. कॉम्पोझिट लढवायला माझी हरकत नाही, पण मग दोन्ही बाजूंनी कॉम्पोझिटच हवं. वाद न मिटण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं: माणूस आपल्या लाडक्याचा सर्वात वरचा दिवस घेतो आणि समोरच्याचा सर्वसाधारण.

मी इथे बर्न यांचा १९८६ नंतरचा सुपरमॅन घेतो आणि त्याच सुमाराचा, म्हणजे १९८० ते १९८६ चा हिरवा हल्क. या निवडीत एक छान योग आहे. सुपरमॅन हाती घेण्याच्या अगदी आधी, १९८५-८६ मध्ये, बर्न यांनीच हल्कचे सहा अंक केले होते. एकाच दशकातली पात्रं घेतली की ताकद दाखवण्याची त्या काळची पद्धतही बऱ्यापैकी सारखी मिळते.

दुसरी पायरी: पुरावा वाचायला शिका

पुरावा दोन प्रकारचा असतो. एक 'फीट', म्हणजे पात्राने पानावर प्रत्यक्ष केलेली गोष्ट. दुसरं 'स्टेटमेंट', म्हणजे कोणीतरी त्याच्याबद्दल केलेलं विधान: चौकटीतला मजकूर, दुसऱ्या पात्राचं बोलणं किंवा कंपनीने काढलेली माहितीपुस्तिका. विधानापेक्षा फीट वजनदार, असं सगळेच सांगतात. पण बरेचदा एकाच प्रसंगात दोन्ही मिसळलेली असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

हल्कचा सर्वात जास्त उद्धृत होणारा पराक्रम घ्या. १९८४ सालच्या 'सीक्रेट वॉर्स'च्या चौथ्या अंकात मॉलिक्यूल मॅन नायकांच्या अंगावर अख्खी डोंगररांग टाकतो आणि हल्क ती पेलून धरतो. मुखपृष्ठावर आकडाही छापला आहे: १५० अब्ज टन. आपल्या भाषेत पंधरा हजार कोटी टन.

हा आकडा ऐकला की लोक लगेच वही उघडतात. आपणही उघडू. खडकाचं वजन दर घनमीटरला साधारण २.७ टन धरलं, तर पंधरा हजार कोटी टनांचा खडक सुमारे ५५ घनकिलोमीटर भरतो. म्हणजे ११ किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद आणि सरासरी १ किलोमीटर उंच अशी रांग. छोट्या डोंगररांगेसाठी हा आकडा अजिबात वेडगळ नाही. चित्र आणि आकडा यांचं जुळतं का, ही पहिली तपासणी त्यातून पार पडते.

आता दुसरी तपासणी. हल्कचे दोन्ही तळवे मिळून हजार चौरस सेंटीमीटर धरा, म्हणजे भरपूर मोठे. सगळं वजन त्यांच्यावर आलं तर दर चौरस सेंटीमीटरवर पंधरा कोटी टन येतात. ग्रॅनाइट दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोन टनांना चिरडतो. म्हणजे हल्कच्या हाताला काही होवो न होवो, वरचा डोंगर त्याच्या हातावर टिकूच शकत नाही. लोण्यात सुरी जावी तसे त्याचे हात खडकात घुसतील आणि डोंगर खाली येईल. पानावर तसं होत नाही. म्हणजे ते सगळं वजन त्याच्या हातांवर होतं असं म्हणता येत नाही, किंवा त्या कथेत खडक आपल्या खडकासारखा वागत नाही. दोन्हींतलं काहीही धरलं तरी तो आकडा आपल्या गणितात सरळ टाकता येत नाही.

यातली पहिली शक्यता समजायला खंडाळ्याचा बोगदा आठवा. बोगद्याच्या छताला वरच्या सगळ्या डोंगराचं वजन पेलावं लागत नाही. खडक पोकळीभोवती कमानीसारखा भार बाजूंना वाहून नेतो, आणि छतावर येतो तो फक्त लगतच्या सैल खडकाचा भार. हल्कही पोकळीतच उभा आहे. त्याच्यावर नेमका किती भार होता हे पानावरून ठरत नाही. पंधरा हजार कोटी हा डोंगराचा आकडा आहे, हल्कच्या हातांवरच्या भाराचा नव्हे.

आणि त्या प्रसंगात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या आकडा सांगणारे गाळतात. त्या वेळी हल्कमध्ये बॅनरचं मन होतं, आणि रीड रिचर्ड्सला त्याला मुद्दाम टोचून बोलून राग आणावा लागला. शिवाय हल्कने डोंगर उचलून फेकला नाही, धरून ठेवला. बाहेर पडण्याचा मार्ग इतरांनी काढला.

आता याच्या शेजारी दुसरं विधान ठेवा. त्याच काळात मार्व्हलने आपल्या पात्रांची अधिकृत माहितीपुस्तिका काढली, 'ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स'. तिच्यात हल्क आणि थॉर दोघं 'क्लास १००'. एक गट शंभर टन धरून बसतो, दुसरा पंधरा हजार कोटी. दोन्ही एकाच कंपनीने छापलेले, दोन्ही एकाच काळातले. या दोघांतला फरक दीडशे कोटी पटींचा आहे.

पण नीट वाचलं तर भांडण अर्ध्यावर येतं. क्लास १०० चा अर्थ शंभर टन किंवा त्याहून जास्त उचलू शकणारा, असा आहे. तो खालचा आकडा आहे, वरचा नाही. नवशिक्यांनी मनावर कोरून ठेवावी अशी ही गोष्ट आहे: फीट जवळजवळ नेहमी किमान मर्यादा सांगतं. 'द मॅन ऑफ स्टील'च्या पहिल्या अंकात तरुण क्लार्क कोसळणारं अवकाशविमान पकडून सुखरूप उतरवतो. खरं स्पेस शटल रिकामं असताना सत्तर-ऐंशी टनांचं होतं. तेवढ्यावरून "बर्नचा सुपरमॅन ऐंशी टनांचा" म्हणणं, म्हणजे मी काल पाण्याची बादली उचलली म्हणून माझी कमाल ताकद एक बादली आहे असं म्हणणं. वरची मर्यादा फक्त एकाच प्रकारच्या प्रसंगातून कळते: पात्राने जीव तोडून प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. म्हणून पराक्रमांइतक्याच काळजीने अपयशंही गोळा करा. चाहते ते सहसा करत नाहीत. आवडत्या नायकाच्या हरण्याचं पान कोणी कापून ठेवत नाही.

तिसरी पायरी: एकाच दिवसावर जाऊ नका

१९८५ सालच्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २६९ आणि २७० व्या अंकांत स्पायडर-मॅन फायरलॉर्डला बेशुद्ध करतो. फायरलॉर्ड हा गॅलॅक्टसचा जुना दूत, म्हणजे सिल्व्हर सर्फरच्या पंक्तीतला. स्पायडर-मॅनची ताकद माहितीपुस्तिकेत साधारण दहा टनांची. ही लढत घडली, अधिकृत आहे, छापलेली आहे. पण तिच्यावरून "स्पायडर-मॅन सिल्व्हर सर्फरला हरवेल" म्हणायचं का?

अशा एकट्या, इतरांशी न जुळणाऱ्या पराक्रमाला 'आउटलायर' म्हणतात. हा शब्द लोक सोयीने वापरतात. न आवडलेलं प्रत्येक फीट आउटलायर ठरतं. म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. असं त्या पात्राकडून पुन्हा कधी झालं का? कथेनेच ते विलक्षण म्हणून दाखवलं आहे का? आणि ते खरं धरलं तर त्याच पात्राच्या बाकीच्या कथा अशक्य होतात का? फायरलॉर्डच्या कथेत स्पायडर-मॅन शहरभर मार खात, जीव वाचवत पळतो, आणि शेवटी सगळी आशा सुटल्यावर भान हरपून ठोसे मारत सुटतो. कॅप्टन अमेरिकाला येऊन त्याला थांबवावं लागतं. लेखकाला स्वतःलाच ठाऊक आहे की तो असाधारण क्षण दाखवतो आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर उघडच आहे: फायरलॉर्डला रोज हरवू शकणाऱ्या माणसाला गल्लीतल्या चोरांशी झुंजताना घाम का फुटावा? तिन्ही उत्तरं एकाच दिशेला गेली की ते फीट बाजूला ठेवायचं. आणि बाजूला ठेवलं हे समोरच्याला आधी सांगायचं.

हाच नियम सुपरमॅनलाही. २०१२ च्या अंकात तो प्रयोगशाळेत पाच दिवस पृथ्वीइतकं वजन पेलतो. तो आकडा हल्कच्या डोंगराच्या सुमारे चार हजार कोटी पट आहे. तो खरा धरला तर हल्कच नव्हे, कोणीच त्याच्यासमोर दोन क्षण टिकणार नाही, आणि त्याच सुपरमॅनच्या बाकीच्या कुठल्याही मारामारीला अर्थ उरणार नाही. भाच्याचा हुकमी एक्का हाच होता.

चौथी पायरी: साखळी तपासा

अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ हा क पेक्षा भारी. पॉवर स्केलिंगमधला 'स्केलिंग' हा शब्द याच साखळीवरून आला आहे, आणि सगळ्यात जास्त चुका याच साखळीत होतात.

१९७४ साली वुल्व्हरिन पहिल्यांदा आला तोच हल्कशी लढायला. तो चपळाई आणि नख्यांच्या जोरावर हल्कसमोर टिकला. साखळी आंधळेपणाने ओढली तर वुल्व्हरिनही डोंगर पेलेल. तसं होत नाही, कारण लढाईत टिकणं म्हणजे ताकद नव्हे. ताकद, सहनशक्ती, वेग, दम आणि मारा यांचे रकाने वेगळे ठेवायला हवेत. एका रकान्यातली बरोबरी दुसऱ्यात सरकवता येत नाही. वुल्व्हरिनच्या त्या लढतीतून आपल्याला त्याच्या वेगाबद्दल थोडं कळतं, हल्कच्या कातडीबद्दल थोडं, आणि वुल्व्हरिनच्या वजन उचलण्याबद्दल काहीच नाही.

साखळी दोन कड्यांपेक्षा लांब गेली की मी ती सोडून देतो.

पाचवी पायरी: मैदान आणि नियम

दोन कंपन्यांची पात्रं म्हणजे दोन वेगळ्या विश्वांचे नियम. ही नुसती चाहत्यांची कल्पना नाही. २००३-०४ च्या 'जेएलए/ॲव्हेंजर्स'मध्ये कर्ट ब्युसिक आणि जॉर्ज पेरेझ यांनी हे कथेतच दाखवलं. फ्लॅश मार्व्हलच्या विश्वात जातो आणि त्याचा वेग जातो, कारण तिथे 'स्पीड फोर्स'च नाही. १९७६ च्या सुपरमॅन आणि स्पायडर-मॅनच्या एकत्र अंकातही लढत जुळवण्यासाठी स्पायडर-मॅनमध्ये लाल सूर्याची ऊर्जा भरावी लागली होती. तेव्हा ठरवा: सूर्य कुठला? पिवळा असेल तर सुपरमॅनला पूर्ण ताकद. हल्कच्या गॅमा किरणांचा क्रिप्टोनियनवर परिणाम होतो का? नाही धरायचा, कारण दोन्हीकडे त्याला आधार नाही. क्रिप्टोनाइट कोणी आणणार नाही.

मग जिंकणं म्हणजे काय? मारणं, बेशुद्ध करणं, की मैदानाबाहेर घालवणं? सुपरमॅन सहसा जीव घेत नाही. त्याला निर्दय करून लढवलं तर ती लढत वेगळी. आणि हल्कच्या बाबतीत सगळ्यात मोठा नियम वेळेचा आहे, कारण तो जितका चिडतो तितका बलवान होतो आणि या वाढीला कथेत ठरलेली वरची सीमा नाही. सुरुवातीला तो किती चिडलेला आहे आणि लढत किती वेळ चालणार, हे न ठरवता हल्कची ताकद विचारणं म्हणजे वाहत्या नदीत पाणी किती असं विचारणं.

इथे कोणीतरी नेहमी म्हणतं, "पण हे तर १९९६ सालीच ठरलं, सुपरमॅन जिंकला." खरं आहे. 'डीसी व्हर्सेस मार्व्हल'मध्ये सुपरमॅनने हल्कला हरवलं. पण त्या मालिकेतल्या पाच मुख्य लढतींचा निकाल वाचकांच्या मतदानाने लागला होता आणि ही त्यातलीच एक. वुल्व्हरिन आणि लोबोची लढत तर बारच्या काउंटरमागे झाली. पानावर फक्त वुल्व्हरिन उठून बसलेला दिसला. वाचकांना कोण जास्त आवडतं, हे त्या निकालांतून कळतं. स्टॅन ली म्हणायचे की लेखकाला जो जिंकायला हवा असतो तो जिंकतो. त्यामुळे एखाद्या छापील निकालाने वाद संपत नाही. तो निकालही एक फीटच असतो, आणि त्यालाही मागच्या चारही पायऱ्या लागू होतात.

शेवटी: उत्तर लिहायचं कसं

उत्तर एका नावात लिहू नका. अटींसकट लिहा, आणि कुठला पुरावा मिळाला तर ते बदलाल हेही लिहा. आमच्या घरी भाच्याबरोबर बसून आम्ही लिहिलं ते असं:

"सुपरमॅन: जॉन बर्न, १९८६ नंतरचा. हल्क: हिरवा, १९८० ते १९८६, बॅनरचं मन झोपलेलं, सुरुवातीला साधा चिडलेला. मैदान: ओसाड वाळवंट, पिवळा सूर्य, आसपास माणसं नाहीत. समोरचा दहा मिनिटं उठू शकला नाही तर जिंकलं. सीक्रेट वॉर्सचा डोंगर धरला आहे, पण आकड्यासाठी नाही, फक्त 'चिडल्यावर शंभर टनांच्या कितीतरी पुढे जातो' एवढ्यासाठी. २०१२ चं पृथ्वीचं वजन धरलेलं नाही, काळ वेगळा.

पहिली काही मिनिटं सुपरमॅनची. तो उडतो, दुरून डोळ्यांच्या उष्णतेने मारा करतो, आणि हल्कला अंतर तोडायला उडीच मारावी लागते. हवेत असताना हल्कला दिशा बदलता येत नाही. सुपरमॅन या वेळात थांबवू शकला तर तो जिंकला. पण तो ठोशांच्या लढतीत उतरला, आणि बर्नचा सुपरमॅन बरेचदा उतरतो, तर प्रत्येक ठोशागणिक हल्क वाढत जाईल. लढत लांबली की आम्ही हल्कला झुकतं माप देतो.

बदलू कधी: १९८० ते १९८६ मध्ये चिडलेल्या हल्कला कोणी दुरून, ताकदीने नव्हे तर उष्णतेने लवकर बेशुद्ध केलेलं पान मिळालं, तर वेळ कितीही असो, सुपरमॅन."

मित्राने कागद वाचला आणि चिडण्याऐवजी जुने अंक काढून बसला. त्याला ते पान शोधायचं होतं.